‘ते टॉनिक आहे हो, औषध थोडंच आहे!’

पोस्ट मोठी आहे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल आणि ते रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर स्क्रोल करून पुढे गेलात तरी राग नाही.

मागच्या महिन्यात आमच्या अण्णांची दाढ काढली. वय ७४. सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रात्री जेवणानंतर ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे. डेंटिस्ट तरुण आहे, पण काळजी घेणारा. त्याने आधी विचारलं, “काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?” अण्णांनी दोन्ही सांगितल्या. “आणखी काही?” “नाही, एवढंच.” ॲस्पिरिन बंद करू नका, टाके घालून रक्त थांबवता येतं, असं म्हणून त्याने दाढ काढली. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी सात वाजता बोळा लालच होता. नऊ वाजता उशीवर डाग. आई घाबरून गेली. साडेनऊला परत दवाखाना उघडायला लावला. डॉक्टरने टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉज दाबून ठेवला, तेव्हा कुठे साडेदहाला रक्त थांबलं. मग त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर आईने दिलं, “ती स्मरणशक्तीची कॅप्सूल घेतात की. पुण्याहून भाच्याने पाठवली आहे, दोन महिने झाले.” त्यावर अण्णांचं वाक्य ऐका, “अगं, ते टॉनिक आहे. औषध थोडंच आहे!”

घरी येऊन डबी बघितली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, जिंकगो बायलोबा अर्क, १२० मिलिग्रॅम.

आता इथे थांबतो आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या रात्रीचं रक्त जिंकगोमुळेच वाहिलं, असा माझा दावा नाही. एकट्या ॲस्पिरिनवरही दाढेतून रक्त वाहू शकतं. अण्णा दुपारी बोळा काढून दोनदा खळखळून चूळ भरून आले होते, तेही कारण असू शकतं. पण डॉक्टरने थेट विचारूनही कॅप्सूलचं नाव निघालं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. म्हणून पंधरा दिवस वाचलं, गावातल्या दोन फिजिशियनना आणि एका औषध दुकानदाराला भेटलो. त्यातून जे कळलं ते मांडतोय.

आधी हे जिंकगो म्हणजे काय?

हे चीनमधलं झाड. पंख्यासारखं पान, शरद ऋतूत पिवळंधमक होतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ही आयुर्वेदिक वनस्पती वाटते, कारण डबीवर हिरवं पान असतं आणि ‘हर्बल’ लिहिलेलं असतं. ब्राह्मी-शंखपुष्पीच्या रांगेत तिला कुणीतरी नेऊन बसवलं आहे. खरं तर आज कॅप्सूलमध्ये जे मिळतं तो प्रकार विसाव्या शतकात जर्मनीत तयार झाला. वाळलेल्या पानांपासून द्रावक वापरून अर्क काढायचा, त्यातली नको असलेली आम्लं काढून टाकायची आणि उरलेल्या अर्कात साधारण २४ टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन राहतील असं प्रमाण बांधायचं. म्हणजे ही आजीच्या बटव्यातली वस्तू नाही, कारखान्यातली आहे. आणि ज्याचा शरीरावर परिणाम होतो म्हणून आपण पैसे मोजतो, त्याचा नको तो परिणामही होऊ शकतो, एवढं तरी मान्य करायला हवं.

रक्ताशी याचा संबंध काय?

डेंग्यूच्या सीझनमुळे प्लेटलेट हा शब्द आता आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. जखम झाली की प्लेटलेट तिथे गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. गोळा होण्यासाठी त्या एकमेकींना रासायनिक हाका मारतात. त्यातली एक मोठी हाक ॲस्पिरिन बंद करते. एकदा गोळी घेतली की तेव्हा रक्तात असलेल्या प्लेटलेटची ती हाक कायमची बंद होते. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, तेवढे दिवस ती मुकीच राहते. हृदयाच्या नळीत गुठळी होऊ नये म्हणून आपल्याला हेच हवं असतं. रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, ती या फायद्याची किंमत.

जिंकगोच्या अर्कात जिंकगोलाइड बी नावाचा एक घटक असतो. प्लेटलेटना चेतवणारी आणखी एक वेगळी हाक आहे, तिला हा घटक अडवतो. तेव्हा शंका साहजिक आहे. एक दार ॲस्पिरिनने बंद केलं, दुसरं जिंकगोने बंद केलं, तर जखम बुजायची कशी?

ही शंका केवळ कागदावरची नव्हती. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची हकीकत छापून आली. अमेरिकेतले ७० वर्षांचे गृहस्थ. हृदयाची बायपास झालेली, तीन वर्षं रोज ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेत होते आणि काहीही त्रास नव्हता. मग त्यांनी स्वतःहून जिंकगो सुरू केलं, ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आठवड्याभरात एका डोळ्याला अंधूक दिसायला लागलं. तपासलं तर बुबुळाच्या कडेतून रक्त येऊन डोळ्याच्या पुढच्या भागात साचलेलं. डोळ्याला मार नाही, काही नाही. त्यांनी जिंकगो बंद केलं, ॲस्पिरिन तशीच चालू ठेवली. पुढचे तीन महिने पुन्हा रक्त आलं नाही.

ही हकीकत पटणारी आहे, कारण तिच्यात क्रम स्पष्ट आहे. तीन वर्षं एक गोळी, त्रास नाही. दुसरी आली, त्रास सुरू. दुसरी गेली, त्रास बंद. अशा आणखीही काही नोंदी आल्या, कुणाच्या डोक्यात रक्तस्राव, कुणाचं ऑपरेशननंतर रक्त थांबेना. म्हणून पुस्तकांत आणि वेबसाइटवर ‘जिंकगो आणि ॲस्पिरिन एकत्र घेऊ नका’ असा इशारा कायमचा बसला.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी

एकेका रुग्णाच्या हकीकतीवरून नियम होत नाही, हे आम्हा पत्रकारांनाही लागू आहे. एका घरी चोरी झाली म्हणून गावात दरोडेखोर शिरलेत अशी बातमी देता येत नाही. म्हणून संशोधकांनी हे मुद्दाम तपासलं. एका प्रयोगात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका असलेल्या वयस्कर लोकांना रोज ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनसोबत चार आठवडे ३०० मिलिग्रॅम जिंकगो दिलं आणि काहींना नुसती ॲस्पिरिन आणि दिसायला तशीच खोटी गोळी. प्लेटलेटच्या तपासण्यांमध्ये दोन्ही गटांत फरक आढळला नाही. कारणही लक्षात येतं. काचेच्या नळीत प्लेटलेट अडवायला जिंकगोलाइड जेवढं लागतं, त्याच्या मानाने कॅप्सूल घेतल्यावर रक्तात पोहोचणारं प्रमाण फारच थोडं असतं.

म्हणजे सुरक्षित झालं का? नाही. असा प्रयोग लहान असतो, काही आठवड्यांचा असतो आणि त्यातले लोक निवडून घेतलेले असतात. हजारात दोन-तीन जणांना होणारा त्रास त्यात दिसणारच नाही. आमच्या फिजिशियनने एका वाक्यात सांगितलं, “बहुतेकांना काही होणार नाही. कुणाला होईल ते मला आधी सांगता येणार नाही.”

आणि ज्यांना होऊ शकतं ते कोण, हे साधारण माहीत आहे. ज्यांना आधी अल्सर होऊन रक्त गेलं आहे. ज्यांचं बीपी ताब्यात नाही. जे ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलही घेतात. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकाच कॅप्सूलमध्ये येतं, त्यामुळे ‘मी एकच गोळी घेतो’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षात रक्त पातळ करायची दोन औषधं घेत असतो. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक. तीही पोटाला आणि रक्ताला तशीच. आणि वॉरफरिन घेणाऱ्यांचा विषय वेगळाच आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वॉरफरिनसोबत जिंकगो घेणाऱ्यांत रक्तस्रावाचं प्रमाण जास्त निघालं. त्यांच्यासाठी उत्तर सरळ आहे, घ्यायचंच नाही.

आता खरा प्रश्न: मिळतं काय?

थोडा धोका माणूस पत्करतो, बदल्यात काही मिळणार असेल तर. ॲस्पिरिनचंच बघा. स्टेंट असलेल्या माणसाला धोका आहे, पण फायदा त्याहून मोठा आहे, म्हणून डॉक्टर देतात. जिंकगोच्या बाबतीत समोरच्या पारड्यात काय आहे?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००८ साली प्रसिद्ध झाला. ७५ वर्षांवरचे ३,०६९ लोक. अर्ध्यांना जिंकगो, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि अर्ध्यांना खोटी गोळी. कोणाला काय मिळतंय हे त्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. हे साधारण सहा वर्षं चाललं. शेवटी जिंकगोवाल्या १,५४५ जणांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. खोट्या गोळीवाल्या १,५२४ जणांपैकी २४६ जणांना झाला. म्हणजे जिंकगोने स्मृतिभ्रंश टळला नाही. वयाबरोबर हळूहळू होणारी विसराळूपणातली वाढही त्याने कमी झाली नाही, हे त्याच लोकांच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं. फ्रान्समध्ये सत्तरीच्या पुढच्या, विसरायला होतं अशी तक्रार घेऊन आलेल्या २,८५४ लोकांवर पाच वर्षांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये निकाल आला. तिथेही अल्झायमर टाळण्यात ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

त्या अमेरिकन अभ्यासात रक्तस्रावाचंही मोजमाप झालं. एकूण मोठ्या रक्तस्रावात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, ॲस्पिरिन घेणाऱ्यांतही नव्हता. मात्र मेंदूतल्या रक्तस्रावाने झालेले पक्षाघात जिंकगो गटात १६ आणि दुसऱ्या गटात ८ होते. आकडे इतके लहान आहेत की हा योगायोग असू शकतो, संशोधकांनीही तसंच म्हटलं. मी यावरून घबराट पसरवणार नाही. पण फायदा शून्याजवळ असताना हा १६ आणि ८ चा आकडा बघून मी माझ्या वडिलांना कॅप्सूल देईन का? नाही देणार.

एक बाब न्यायाने सांगतो. ज्यांना स्मृतिभ्रंश आधीच झाला आहे, त्यांच्यात रोज २४० मिलिग्रॅम प्रमाणित अर्काने काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे आणि युरोपात सौम्य स्मृतिभ्रंशासाठी तो मान्य आहे. पण तिथे निदान डॉक्टरने केलेलं असतं आणि हा अर्क औषध म्हणून तपासून येतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणाऱ्या सासऱ्यांसाठी ऑनलाइन मागवलेली डबी हा वेगळा प्रकार आहे.

डबीत काय आहे हाही प्रश्नच. २४ टक्क्यांचा जो आकडा आहे तो फ्लेव्होनॉइडची एकूण मोजणी करून काढतात. ही मोजणी फसवायला दुसऱ्याच वनस्पतींपासून मिळणारं स्वस्त रुटिन मिसळतात, आकडा बरोबर भरतो आणि जिंकगो मात्र कमीच असतं. जगभरातल्या तपासण्यांत ही भेसळ वारंवार सापडली आहे. आपल्याकडे तर बऱ्याच कॅप्सूलमध्ये जिनसेंग, जीवनसत्त्वं, खनिजं अशी वीस नावं असतात आणि त्यात जिंकगो कुठेतरी दहा मिलिग्रॅम. आणि याच डब्यांवर कायद्याने छापावंच लागतं, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. औषध म्हणून वापरू नका. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. वरती मात्र मेंदूचं ठसठशीत चित्र.

माझं म्हणणं

दोष अण्णांचा नाही. डबीवरच लिहिलंय हे औषध नाही, मग डॉक्टरने ‘औषध काय घेता’ विचारल्यावर ते कशाला सांगतील? भाच्याचाही नाही, त्याने प्रेमाने पाठवली. दोष त्या फटीत आहे, जिथे एक वस्तू विकताना औषधासारखी विकली जाते आणि विचारताना औषध नसते. माझ्या मते ही फट बुजवायला फार मोठं काही लागत नाही.

पहिलं, दवाखान्यात प्रश्न बदला. ‘औषध काय घेता’ एवढं पुरे नाही. ‘टॉनिक, हर्बल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, टीव्हीवर बघून मागवलेलं, मुलांनी पाठवलेलं काही?’ असं विचारा. केस पेपरवर त्यासाठी एक ओळ छापा. आमच्या डेंटिस्टने दुसऱ्याच दिवशी त्याच्या फॉर्ममध्ये ही ओळ घातली, त्याचं कौतुक.

दुसरं, औषध दुकानदारांनी ही डबी देताना एवढंच विचारावं, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ गावात दुकानदार गिऱ्हाईकाला नावानिशी ओळखतो, त्याच्याच दुकानातून ॲस्पिरिनही जाते. त्याला हे अवघड नाही.

तिसरं, सावधगिरीची सूचना डबीवर मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात हवी. ही मागणी मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी देणार आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर तेही टाकतो.

आणि आपण घरी काय करायचं? आज संध्याकाळी आई-वडिलांच्या सगळ्या डब्या, स्ट्रिपा, बाटल्या एका पिशवीत भरा आणि पुढच्या तपासणीला ती पिशवीच डॉक्टरसमोर ओता. ॲस्पिरिनसोबत जिंकगो चालू असेल, तर जिंकगो थांबवून डॉक्टरांना सांगा. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ही पोस्ट वाचून कुणी घाबरून ॲस्पिरिन सोडली आणि स्टेंट बंद पडला, तर माझं लिहिणं वाया गेलं. ऑपरेशन ठरलं असेल तर जिंकगो किमान दोन आठवडे आधी थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

लक्ष कशावर ठेवायचं? नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त, कुठे आपटल्याचं आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग, लाल लघवी, डांबरासारखी काळी चिकट शौचाला. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट होते, तेही डॉक्टरांना सांगा.) आणि म्हातारं माणूस पडलं, डोक्याला थोडंसंच लागलं, पण नंतर डोकं दुखणं वाढलं, बोलण्यात गोंधळ झाला, एका बाजूची ताकद कमी वाटली, तर ‘वयामुळे होतं’ म्हणू नका. असा रक्तस्राव डोक्यात हळूहळू साचतो, कधी दोन-तीन आठवड्यांनीही लक्षात येतो. थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या.

शेवटी अण्णांच्या विसरण्याबद्दल. फिजिशियनने कॅप्सूल बंद करायला सांगितली आणि रक्त तपासलं. बी-१२ खूपच कमी निघालं. आयुष्यभर शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तर हे फारच आढळतं, असं ते म्हणाले. (अण्णांना मधुमेह नाही, पण आईला आहे, आता तिचंही तपासतोय.) थायरॉइड, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी, यांनीही माणूस विसराळू होतो आणि यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. दोन महिने आम्ही डबीवर भरवसा ठेवला आणि ही साधी तपासणी राहून गेली. रक्त वाहिलं त्यापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

अण्णांना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली आहेत. किती फरक पडतो ते बघू. काल त्यांनी डॉक्टरकडे न्यायची पिशवी स्वतःच भरली. त्यात कोपऱ्यातून आणखी एक डबी निघाली, गुडघ्यांसाठीची. मी बघितलं तर म्हणाले, “तेही टॉनिकच आहे रे.”

तुमच्या घरातल्या पिशवीत काय निघालं, ते कमेंटमध्ये लिहा. आणि काका-मामांच्या ग्रुपवर ही पोस्ट जरूर पाठवा, ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांच्या मध्ये कुठेतरी.